पाऊस लागला की

दिवाळी अंकाची कथा ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपादकांच्या हाती पडावी लागते. त्यामुळे फराळाबरोबर वाचली जाणारी कथा आम्ही लिहितो ती भर पावसात, खिडक्या लावून घेऊन. २०२४ साली जूनमध्ये मी एक कथा लिहायला घेतली. गोष्ट एवढीच, की चिपळूणमध्ये एकटी राहणारी एक निवृत्त शिक्षिका रात्री पावणेदोनला फोन हातात घेऊन बसते, पुण्यातल्या मुलाला मेसेज लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते, आणि शेवटी एक खरी ओळ पाठवते. दहा पानांच्या या कथेला मला जवळपास दोन महिने लागले. त्यातले बरेच दिवस त्या शेवटच्या ओळीपाशी गेले.

कथेचं बी पडलं होतं तीन वर्षांपूर्वी. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. माझी मावशी तिथे एकटी राहते. मी रत्नागिरीहून तिच्याकडे पोचले तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि घरात मांडीपर्यंत गाळ होता. आठवडाभर आम्ही फावड्याने तो ओढत होतो, घमेल्याने बाहेर टाकत होतो. फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत येऊन बाहेरच्या खोलीत आडवा पडला होता. गादी चौघांना मिळूनही उचलत नव्हती, इतकं पाणी तिने धरलं होतं. मावशी त्या सगळ्यात शांतपणे वावरत होती. येणाऱ्या प्रत्येक फोनला एकच उत्तर देत होती, ‘आमचं ठीक आहे. लोकांचं बघा.’ दिवसातून पंधरा वेळा तरी मी ते वाक्य ऐकलं असेल. त्यातलं ‘ठीक’ कुठे होतं ते मला दिसत नव्हतं.

पुढे घराला रंग दिला. तरी दर पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि पाण्याची रेघ, माझ्या डोक्याच्याही वर, तपकिरी होऊन पुन्हा उमटते. २०२३च्या पावसात मी तिच्याकडे राहिले होते. रात्री पाणी प्यायला उठले तर मावशी अंधारात त्या रेघेसमोर खुर्ची टाकून बसलेली. हातात फोन. उजेड फक्त चेहऱ्यावर. मला बघून तिने फोन पालथा घातला. ‘झोप गं तू,’ म्हणाली. मीही काही विचारलं नाही. पण त्या फोनवर अर्धवट लिहिलेलं काहीतरी होतं, एवढं मला त्या पालथ्या घालण्यावरून कळलं.

माझी कथा मावशीची नाही. मावशीला मुलगी आहे, मी मुलगा केला. मावशी बँकेत होती, कथेतल्या बाईंना मी जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं, कारण दुसऱ्याच्या वाक्यातली चूक लाल शाईने दाखवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना स्वतःचं खोटं वाक्य वाचताना काय होत असेल, ते मला लिहायचं होतं. मुलाचं घरातलं नाव बाबू. फोनमध्ये तो ‘बाबू पुणे’ या नावाने आहे, कारण त्याच्याच वर ‘बाबू नळवाला’ आहे. बाईंना मी नावच दिलं नाही. रात्री पावणेदोनला, घरात कोणी नसताना, नावाने हाक मारणार कोण?

आई आणि मुलाचं भांडण झालेलं नाही, बोलणं आटलेलं आहे. मे महिन्यात तो आंब्याच्या दिवसांत आला होता. घराला गिऱ्हाईक आहे, म्हणाला. तू पुण्याला चल, म्हणाला. बाई ताटावरून उठत म्हणाल्या, ‘मी येत नाही.’ तेव्हापासून रोज सकाळी त्या त्याला सुप्रभातचं फुलांचं चित्र पाठवतात आणि तो अंगठा पाठवतो. दोन महिने हेच चाललंय.

पहिला खर्डा मी याच प्रसंगापासून सुरू केला. चार पानं मे महिना, मग पूर, मग रात्र. वाचून बघितला तर मेसेज पुसण्याचं काम सुरू व्हायच्या आधीच वाचकाला सगळं माहीत झालेलं होतं. पुसलेल्या प्रत्येक मेसेजचं कारण मी आधीच सांगून टाकलं होतं. ती चार पानं काढून टाकली. त्यातलं फक्त ‘मी येत नाही’ आणि अंगठा एवढंच ठेवलं.

दुसरी चूक जरा वेगळी होती. मी बाईंना मेसेज पाठवायला लावून मग पुसायला लावत होते. पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसला, तर समोरच्याच्या फोनवर This message was deleted अशी ओळ राहते. मी स्वतः मुलाच्या जागी जाऊन बघितलं. सकाळी उठल्यावर आईच्या नावासमोर रात्री पावणेदोनच्या अशा पाच ओळी दिसल्या, तर कुठलाही मुलगा पहिला फोन लावेल. आई काय म्हणत होती ते विचारील, आणि कथा तिथेच संपेल. म्हणजे बाईंचं सगळं लिहिणं-पुसणं पाठवायच्या आधीच व्हायला हवं. कोणाच्याही फोनवर त्याची खूण राहायला नको. पण मग दुसरा पेच आला. त्या लिहीत असताना मुलगा जागा असला आणि त्याने तोच संवाद उघडला, तर त्याला वर typing… असं दिसणार. ते मी बाईंच्या कानावर घातलं. शेजारच्या मुलीने त्यांना मागे कधीतरी सांगितलेलं असतं, ‘काकू, तुम्ही लिहिताय ते समोरच्याला कळतं बरं का.’ ती गोष्ट त्यांना दुसऱ्या मेसेजच्या मधेच आठवते आणि त्या फोन चटका बसल्यासारखा मांडीवर टाकतात. काय लिहितोय ते दिसत नसतं, फक्त लिहितोय एवढंच दिसतं, हे त्यांना नीट ठाऊक नसतं. त्या भीतीने कथेला एक ठोका मिळाला. पुढचा प्रत्येक शब्द त्या कोणीतरी बघत असल्यासारखा लिहू लागल्या.

आता मेसेज. दुसऱ्या खर्ड्यात ते अकरा झाले होते. वाचताना मला स्वतःलाच सहाव्यानंतर कंटाळा आला, आणि का आला ते कळेना. शेवटी प्रत्येक मेसेज वेगळ्या चिठ्ठीवर उतरवला आणि चिठ्ठीच्या मागे लिहिलं, बाईंनी हा का पुसला. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर उलट्या मांडल्या. अकरापैकी पाच चिठ्ठ्यांच्या मागे मी एकच कारण लिहिलं होतं: त्याला राग येईल. शब्द वेगळे, कारण तेच. वाचकाला ते पहिल्या वेळीच कळलं होतं, पुढच्या चार वेळा मी त्याला थांबवून ठेवलं होतं. त्या चार काढल्या. उरलेल्यांत आणखी दोन जोड्या सारख्या निघाल्या. पाच राहिले. प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा बाईंच्या जास्त जवळ जाणारं. अशा कथेत पुसलेले मजकूर ही एक उतरंड असते. वरचं मडकं काढल्याशिवाय खालच्याला हात घालता येत नाही.

पहिला मेसेज पत्राच्या सवयीतून येतो. त्या लिहितात, ‘चि. बाबू, अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल.’ त्यांच्या पिढीने पत्रं अशीच लिहिली. आधी आशीर्वाद, मग खुशाली, मग विनंती विशेष. त्यात एक सोय होती. म्हणायचं असेल त्याला दोन ओळींचा उंबरा मिळायचा. पण त्याच उंबऱ्यात अडचणही होती, कारण काहीही सांगायच्या आधी सगळं क्षेम आहे असं लिहावंच लागायचं. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी पत्र ‘इकडील सर्व क्षेम’पासूनच सुरू व्हायचं. बाई ‘सर्व’ या शब्दापाशी थांबतात. विद्यार्थ्याच्या वहीत त्यांनी या शब्दाखाली रेघ मारली असती. मग त्या पुसायला लागतात, आणि इथे मला माझ्याच फोनकडे नीट बघावं लागलं.

देवनागरीत लिहिलेलं पुसताना अख्खं अक्षर एकदम जात नाही. आधी काना जातो, मग ज्याला तो लागला होता ते अक्षर. ‘खुशाल’ पुसायला घेतलं की पहिल्या दाबाला ‘ल’ जातो, दुसऱ्याला ‘शा’चा काना जातो, आणि पडद्यावर ‘खुश’ उरतं. ‘इकडे सर्व खुश’. मग ‘श’ जातो, मग उकार. बोट दाबून धरलं तर सगळं झरझर निघून जातं, पण बाई दाबून धरत नाहीत. फळा पुसायची त्यांची रीतही तशीच होती, वरून खाली, एक-एक ओळ. ही गोष्ट मी फोन हातात घेऊन पंचवीस वेळा तरी करून बघितली असेल, आणि तिचा मला पुढे एवढा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दुसरा मेसेज, ‘जेवलास का?’ मराठी आई मुलाला दुसरं काही विचारू शकत नाही तेव्हा हे विचारते. दोन शब्दांत ‘बरा आहेस ना’, ‘आठवण येते’, ‘रागावलास का’ असं सगळं मावतं. तो पुसण्याचं कारण सापडायला मला चार दिवस लागले. कारण फोनच्या वरच्या कोपऱ्यातच होतं. १:४६. रात्री पावणेदोनला कोणी ‘जेवलास का’ विचारत नाही. या वेळेला तो प्रश्न मुलाला दिसला, तर प्रश्नापेक्षा वेळच जास्त बोलेल. याच मेसेजच्या मधे त्यांना typing… आठवतं.

तिसरा मेसेज बातमीचा. ‘संध्याकाळपासून पाऊस आहे. वाशिष्ठीचं पाणी चढतंय. कोळकेवाडीतून पाणी सोडतील म्हणतात. परवा पौर्णिमा.’ चिपळूणच्या माणसाला या चार वाक्यांचा अर्थ समजवावा लागत नाही. कोयनेची वीज तयार झाल्यावर ते पाणी कोळकेवाडी धरणामार्गे शेवटी वाशिष्ठीतच उतरतं. पुढे दाभोळच्या खाडीतून भरती आत येते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला नदीचं पाणी लवकर बाहेर पडत नाही. २०२१ चा पूरही गुरुपौर्णिमेच्या आदल्या दोन दिवसांतच आला होता. म्हणून बाई भिंतीवरच्या कॅलेंडरात आधी तिथी बघतात, मग लिहितात. या मेसेजमध्ये एकही शब्द खोटा नाही. पाठवला असता तर मुलाने नक्की फोन केला असता. तरी त्या तो पुसतात. का? माझ्या चिठ्ठीमागे मी लिहिलं होतं: ‘यात नदी आहे, बाई नाहीत.’ मुलगा नदीसाठी जागा झाला असता. बाईंना काय होतंय ते पुन्हा झाकलेलंच राहिलं असतं, या वेळी खऱ्या माहितीखाली.

चौथा सगळ्यात लहान. ‘तुला काय, तू तिसऱ्या मजल्यावर.’ हा मेसेज मला हवा होता, कारण एवढ्या वेळात राग आला नाही तर ती बाई खरी वाटणार नाही. पण तो लिहिल्यावर वाचक मुलाच्या विरुद्ध जाईल अशी भीती होती. मुलगा वाईट असला तर कथेत अर्थच नाही. वाईट मुलाला खरं सांगितलं काय, न सांगितलं काय. म्हणून इथे मी पूर आणला, आणि तोही मुलाच्या हातांतून. पुरानंतर चौथ्या दिवशी तो पुण्याहून पाण्याचे कॅन घेऊन आला होता. वडिलांच्या फोटोची काच त्याने न फोडता उघडली, फोटोवरचा गाळ आधी पाण्याने आणि मग ओल्या कापसाने काढला, चेहऱ्यापाशी आल्यावर कापूस टाकून बोटाच्या पेराने. तासभर तेवढंच करत बसला होता. फोटोतला उजवा खांदा तरी पुसला गेलाच. कथेत ही आठवण पाच-सहा ओळींची आहे, आणि पुराबद्दल मी तेवढंच ठेवलं. ती संपल्यावर बाई तो मेसेज पुसतात, आणि या एकाच वेळी बोट दाबून धरतात.

पाचव्याने मला फसवलं. ‘बरं. घर विकून टाक. मी येते.’ पहिल्या दोन खर्ड्यांत मी हाच शेवटचा मेसेज ठेवला होता. बाईंनी मान तुकवली, मुलाचं म्हणणं मान्य केलं, आणि वाचकाच्या घशाशी आवंढा आला, अशी माझी कल्पना. त्या खर्ड्यावर संपादकांचा फोन आला. ‘कथा चांगली आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण मला एक सांगा. यांना जायचंय का पुण्याला?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘मग ही ओळ खरी कशी? तुम्ही तिला हरवलंत. हरणं आणि खरं बोलणं यात फरक नाही का?’

त्यांनी कथा परत केली. पंधरा दिवस दिले. मला वाईट वाटलं, आणि त्यांचं म्हणणं पहिल्या वाक्यालाच पटलं होतं, म्हणून जास्त वाटलं. एवढे मेसेज पुसून मी बाईंना आणखी एका खोट्यापाशी आणून सोडलं होतं. ‘सर्व खुशाल’ हे जेवढं खोटं, तेवढंच ‘मी येते’ हेही. प्रश्न घर विकायचं की नाही हा नव्हताच. तो प्रश्न त्या दोघांनी मे महिन्यात समोर ठेवला, कारण त्याच्यावर बोलता येतं.

मग खरी ओळ कोणती? मी वहीत एकाखाली एक लिहीत गेले. ‘मला तुझी गरज आहे.’ हे सिनेमातल्या आईचं वाक्य, चिपळूणच्या शिक्षिकेच्या तोंडात बसत नाही. ‘मला भीती वाटते रे.’ हे जवळ होतं. बरेच दिवस मी त्याच्यापाशीच होते. पण ‘भीती’ हे नाव आहे. आपल्याला जे होतं त्याला कोणीतरी बाहेरून दिलेलं नाव. रात्री खुर्चीवर बसलेल्या बाईंना भीती नावाची वस्तू होत नाही. त्यांना झोप येत नाही. पूर पहाटे आला होता, त्या झोपेत होत्या, पाय खाली ठेवला तो पाण्यात. तेव्हापासून झोप म्हणजे पाणी आत येण्याची वेळ. मी लिहिलं, ‘पुरापासून मला पावसात झोप येत नाही.’ त्यातलं ‘पुरापासून’ काढलं, कारण मुलाला ते कळेल, आणि त्याला कळतं तेवढं आईने सांगू नये. मग ‘पावसात’ बदलून ‘पाऊस लागला की’ केलं. आपल्या मराठीत या ‘की’ला फार जागा आहे. ‘पाऊस लागला की’ म्हटलं की दर वेळी, प्रत्येक रात्री, गेले तीन पावसाळे, हे सगळं न मोजता आत येतं. रोज सकाळी पाठवलेल्या फुलांच्या मागे काय होतं, ते त्या एका ‘की’ने सांगितलं. शेवटचा ‘रे’ मात्र मी घालून काढला, घालून काढला, आणि शेवटी काढलाच. ‘रे’ने वाक्य हात पुढे करतं. बाई काही मागत नव्हत्या.

‘पाऊस लागला की मला झोप येत नाही.’

ओळ मिळाली, पण ती बाईंना केव्हा मिळाली? संपादकांनी फोनवर हेही विचारलं होतं, आणि ते मला सुटत नव्हतं. पाचवा मेसेज पुसून झाला, बाईंनी विचार केला, आणि त्यांना सुचलं, असं लिहिलं तर ते मी सुचवलेलं वाटे. एका दुपारी मी पुन्हा फोन घेऊन बसले आणि बाईंचा पाचवा मेसेज त्यांच्यासारखाच पुसायला घेतला. ‘मी येते.’ पूर्णविराम गेला. मग ‘ते’ची मात्रा गेली. पडद्यावर राहिलं, ‘मी येत’. पुढे दांडी लुकलुकत होती.

मे महिन्यातलं वाक्य होतं, ‘मी येत नाही.’ बाईंचं बोट आता त्याच वाक्याच्या अर्ध्यावर येऊन थांबलं होतं. त्यांनी ते पुन्हा पुरं करावं, की न करावं? त्या करत नाहीत. त्या ‘येत’सुद्धा पुसतात, आणि ‘मी’सुद्धा. पण ‘येत नाही’ तोंडात आलेलं असतं. काय येत नाही, ते आता त्यांना दिसतं. मला कथेत याचं एक अक्षरही समजावून सांगावं लागलं नाही. मात्रा जाते, ‘येत’ उरतं, मग रिकामी चौकट, मग ओळ. फोन पुसतो कसा हे पंचवीस वेळा करून बघितलं नसतं तर ही जागा मला मिळाली नसती.

पाठवल्यानंतरचं मी फारसं ठेवलं नाही. एका खर्ड्यात मुलाचं उत्तर होतं, ‘निघतो सकाळी.’ ते काढलं. आलं असेलही, पण कथा बाईंनी सांगण्याची होती, त्याने ऐकण्याची नव्हती. दोन करड्या खुणा ठेवल्या. पोचलंय, वाचलं नाही, तो झोपलाय. एकच खूण ठेवली असती तर वाचक रेंज गेली का याच्या काळजीत पडला असता. बाई फोन पालथा घालत नाहीत, उघडाच ठेवतात, त्याचा उजेड आपोआप जातो, आणि भिंतीवरची रेघ दिसेनाशी होते. कथा तिथे संपली. संपादकांनी पुढे फक्त दोन स्वल्पविराम काढले. अंक ऑक्टोबरात आला.

दिवाळीनंतर अंक घेऊन मी मावशीकडे गेले. तिला दाखवावा की नाही यावर मी बराच विचार केला होता. मुलगा, शाळा, घर, सगळं बदललं असलं तरी खुर्ची आणि रेघ तिचीच होती. तिने चष्मा लावला, ओसरीवर बसून सगळी कथा वाचली, दोनदा पान मागे उलटलं. मी आत चहा करत होते. बाहेर आले तर अंक मिटून मांडीवर ठेवलेला.

‘छान लिहिलंयस,’ म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘पण ते शेवटचं तसं नसतं गं.’

‘कसं?’

‘पाऊस लागला की झोप लागते. पत्र्यावर एवढा आवाज असतो, दुसरं काही ऐकूच येत नाही. पाऊस थांबला की नाही येत झोप. थांबला की कान लागतात. पाणी येताना आवाज नसतो ना त्याला.’

तिने चहा घेतला. त्या रात्री, २०२३ मध्ये, मी पाणी प्यायला उठले तेव्हा बाहेर पाऊस होता की नव्हता, ते मी आठवून बघितलं. मला जाग का आली होती, तेही. पाऊस थांबल्यामुळे आली होती. घरभर शांत होतं.

आता संग्रहाची प्रुफं आली आहेत. शेवटच्या ओळीत मी ‘लागला’वर काट मारून वर ‘थांबला’ लिहिलं. शीर्षकही बदलावं लागेल. पण तेवढ्याने भागत नाही. माझ्या कथेत पाऊस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पडतो आहे, तिसऱ्या मेसेजमध्येही ‘पाऊस आहे’ असंच आहे. तो कुठेतरी थांबायला हवा, आणि बाईंनी खुर्ची ओढायला हवी ती त्याच्यानंतर. मेसेज लिहिताना typing… आठवून त्या दचकतात, तिथे आता पागोळ्यांचा आवाजही मंदावत गेला पाहिजे. चिठ्ठ्या पुन्हा काढल्या आहेत. पाचही जमिनीवर मांडल्या आहेत, आणि कोणत्या दोन चिठ्ठ्यांच्या मधे पाऊस थांबतो ते मी बघते आहे.